खडबडीत वळण, सपाट फरशी आणि स्प्रिंग: हे गणित नेमकं कुठे चुकतं

सोलापुरात अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवताना दरवर्षी एक गणित मी मुद्दाम चाचणीत घालतो. ब्लॉक वळणदार ट्रॅकवरून घसरतो, सपाट भागावरून जातो आणि स्प्रिंग दाबतो. दरवर्षी निम्म्याहून जास्त वह्यांत उत्तर 21.8 सें.मी. येतं. उत्तर आहे 16 सें.मी.

गंमत म्हणजे या मुलांना कार्य-ऊर्जा प्रमेय तोंडपाठ असतं. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. चूक प्रमेयात नसतेच. वळणावरचं घर्षण किती कार्य करतं, हे काढताना ती होते. म्हणून या लेखात एकच गणित घेऊन ते शेवटपर्यंत सोडवू. वळणापाशी जास्त वेळ थांबू आणि बाकीचं भराभर उरकू.

## गणित

2 kg चा लहान ब्लॉक पाव वर्तुळाच्या खडबडीत ट्रॅकवर, अगदी वरच्या टोकापासून, स्थिर स्थितीतून सोडला. ट्रॅकची त्रिज्या 1 m. तळाशी ट्रॅक आडव्या फरशीला अलगद, कोपरा न करता मिळतो. तळाशी ब्लॉकचा वेग मोजला तर 3.2 m/s भरतो. तिथून 0.8 m अंतरावर स्प्रिंगचं मोकळं टोक आहे. स्प्रिंग वजनाने नगण्य, तिचं दुसरं टोक भिंतीत पक्कं आणि स्थिरांक 5 N/cm. ट्रॅक, फरशी आणि स्प्रिंगखालची फरशी या सगळ्यांचा घर्षण गुणांक 0.2. g = 10 m/s² घ्या. स्प्रिंग जास्तीत जास्त किती दबेल?

## 1. समीकरणाआधीची तयारी

पेन उचलून लगेच mgh लिहायचं नाही. आधी चित्र काढा आणि त्यावर चार जागांना नावं द्या. A म्हणजे सोडण्याची जागा, B म्हणजे वळणाचा तळ, C म्हणजे स्प्रिंगचं मोकळं टोक आणि D म्हणजे ब्लॉक क्षणभर थांबतो ती जागा. C पासून D पर्यंतचं अंतर x. विचारलंय ते हेच.

मग एकके. 5 N/cm म्हणजे स्प्रिंग एक सेंटिमीटर दाबायला 5 N बल लागतं, म्हणजेच 500 N/m. प्रश्नपत्रिकेत हे मुद्दाम सेंटिमीटरमध्ये देतात. चित्रातच स्प्रिंगच्या शेजारी `k = 500 N/m` असं लिहून टाका, म्हणजे पुढे मूळ आकडा डोळ्यांसमोर येतच नाही.

तिसरं काम बलांची यादी. ब्लॉकवर चार बलं येतात: गुरुत्वाकर्षण, नॉर्मल, घर्षण आणि शेवटच्या भागात स्प्रिंग. प्रत्येकापुढे ते कुठे कार्य करतं ते लिहा. गुरुत्वाकर्षण फक्त A ते B, कारण पुढे उंची बदलत नाही. नॉर्मल कुठेच नाही, कारण ट्रॅक कसाही वाकला तरी नॉर्मल गतीला काटकोनातच राहतो. घर्षण A पासून D पर्यंत, एकही इंच न सोडता. स्प्रिंग फक्त C ते D.

सावधान: नॉर्मल कार्य करत नाही म्हणून त्याला यादीतून खोडू नका. तो स्वतः कार्य करत नसला तरी घर्षण किती असेल हे तोच ठरवतो. या गणिताची सगळी गोम इथेच आहे.

आणखी एक गोष्ट इथेच ठरवून टाका. गुरुत्वाकर्षणाला आपण "कार्य" म्हणून धरणार की "स्थितिज ऊर्जा" म्हणून? दोन्ही पद्धती बरोबर आहेत, पण एका वेळी एकच वापरायची. डाव्या बाजूला mgh स्थितिज ऊर्जा आणि उजव्या बाजूला पुन्हा mgh कार्य, अशी एकाच उंचीची दोनदा वसुली करणारी वही दर बॅचला एक तरी सापडते. या लेखात सगळीकडे कार्यच धरलंय:

`गतिज ऊर्जेतला बदल = सर्व बलांच्या कार्यांची बेरीज`

## 2. प्रवासाचे तुकडे पाडा

A ते B, B ते C आणि C ते D असे तीन तुकडे. A पासून D पर्यंत एकच समीकरण मांडलं तरी चालतं. सरावलेली मुलं तसंच करतात आणि वेळ वाचवतात. पण चूक पकडायची असेल तर तुकडेच बरे, कारण प्रत्येक तुकड्याच्या शेवटी हातात एक आकडा येतो आणि तो पटतोय का हे बघता येतं.

तुकडे पाडायचं दुसरंही एक कारण आहे. घर्षण प्रत्येक तुकड्यात वेगळं वागतं. सपाट भागावर ते एकसारखं असतं, वळणावर पावलोपावली बदलतं.

## 3. वळण: A ते B

इथे घाई नको.

मुलांना विचारलं की वळणावरच्या घर्षणाचं कार्य कसं काढलं, तर एक ठरलेलं उत्तर येतं: "सर, μmg cosθ घेतलं की ओ, उतारासारखं!" मग ते छोट्या छोट्या तुकड्यांची बेरीज करतात आणि सुबक उत्तर काढतात. प्रत्येक तुकड्याची लांबी गुणिले उताराच्या कोनाचा cos म्हणजे त्या तुकड्याचं आडवं अंतर. सगळ्यांची बेरीज 1 m. म्हणून घर्षणाचं कार्य μmg × 1 = 4 J. ट्रॅक कोणत्याही आकाराचा असो, फक्त आडवं अंतर बघा!

हे इतकं देखणं दिसतं की खोटं असेल असं वाटत नाही. आणि एका परिस्थितीत ते खरंही आहे. ब्लॉक दोरीने अगदी हळूहळू ओढत टेकडीवर नेला, वेग जवळपास शून्य ठेवला, तर घर्षणाविरुद्धचं कार्य खरोखर आडव्या अंतरावरच अवलंबून असतं. तसं गणित पाठ्यक्रमात येतं, मुलं ते शिकतात आणि उत्तर तेवढं लक्षात ठेवतात. "हळूहळू" हा शब्द मात्र विसरतात.

आपला ब्लॉक हळू नाही. तो वर्तुळात फिरतोय, म्हणजे त्याला केंद्राकडे खेचणारं बल हवं. ते देतो नॉर्मल. म्हणून नॉर्मलला दोन कामं करावी लागतात: वजनाचा ट्रॅकवर दाबणारा भाग पेलायचा आणि वर ब्लॉकला वळवायचं. वरच्या आडव्या त्रिज्येपासून ब्लॉक θ कोन खाली आला असेल तर

`N = mg sinθ + mv²/R`

(उताराचा कोन आणि हा θ मिळून 90° होतात, म्हणून उताराचा cos इथे sinθ झाला.) दुसरं पद, mv²/R, मुलं विसरतात. ते किती मोठं असतं बघा. तळाशी पोचता पोचता, अजून वळणावर असताना, mv²/R = 2 × 10.24 / 1 = 20.48 N. वजन 20 N. म्हणजे नॉर्मल 40.48 N, वजनाच्या दुपटीहून जास्त. त्याच क्षणी घर्षण सुमारे 8.1 N. आणि B ओलांडून सपाट फरशीवर पाऊल टाकलं की वळवायचं काम संपतं, नॉर्मल झटकन 20 N वर येतो आणि घर्षण 4 N. एका जागी, एका क्षणात घर्षण अर्ध्यावर येतं. उतारासारखं धरून चालणाऱ्याला ही उडी दिसतच नाही.

### मग कार्य काढायचं कसं?

आपल्या गणितात तळाचा वेग दिलाय, म्हणून काम सोपं. घर्षणाचं सूत्र लागतच नाही. प्रमेय उलटं वाचायचं:

`½ × 2 × 3.2² − 0 = mgR + W`
`10.24 = 20 + W`
`W = −9.76 J`

वळणाने 9.76 J खाल्ले. मुलांच्या हिशोबाने फक्त 4 J गेले होते.

काही गणितांत वेगाऐवजी "वळणावर इतके ज्यूल वाया गेले" असं दिलेलं असतं. तेव्हा तो आकडा थेट W च्या जागी, ऋण चिन्हासह ठेवायचा.

तिसरी शक्यता: वेग दिलेला नाही, वाया गेलेली ऊर्जा दिलेली नाही, फक्त μ दिलाय आणि ट्रॅक खडबडीत वक्र. आधी प्रश्न पुन्हा वाचा. बऱ्याचदा वळण गुळगुळीत असतं आणि फक्त सपाट भाग खडबडीत. खरोखरच वळण खडबडीत असेल तर बीजगणिताने ते सुटत नाही. घर्षण वेगावर अवलंबून आणि वेग घर्षणावर. अवकल समीकरण मांडावं लागतं, किंवा कंप्युटरवर छोटी छोटी पावलं टाकत जावं लागतं:

```python
import math
m, R, mu, g = 2.0, 1.0, 0.2, 10.0
n = 9000
d = (math.pi / 2) / n
E = 0.0
for i in range(n):
    t = (i + 0.5) * d
    N = m*g*math.sin(t) + 2*E/R
    E += (m*g*math.cos(t) - mu*N) * R * d
print(E, math.sqrt(2*E/m))
```

इथे `E` ही गतिज ऊर्जा, आणि `2*E/R` म्हणजेच mv²/R. चालवून बघितलं तर ऊर्जा 10.34 J आणि वेग 3.216 m/s येतो. गणितातला 3.2 हा आकडा मी हवेतून घेतला नव्हता, तो इथून आलाय. `N` मधलं दुसरं पद खोडून पुन्हा चालवा: ऊर्जा थेट 16 J होते. मुलांचं उत्तर तिथे बसलेलं दिसेल.

### तपासणी: दोन कुंपणं

कंप्युटर जवळ नसताना वळणावरचं उत्तर पटण्यासारखं आहे का, हे ओळखायची एक युक्ती आहे. नॉर्मल कमीत कमी किती असू शकतो? वेग शून्य धरला तर mg sinθ. त्याने घर्षणाचं कार्य μmgR येतं, इथे 4 J. आणि जास्तीत जास्त किती? घर्षण नसतंच तर ब्लॉक सर्वात वेगात धावला असता; तेव्हा v² = 2gR sinθ आणि नॉर्मल 3mg sinθ. त्याने कार्य 3μmgR, इथे 12 J.

खरा ब्लॉक थांबलेलाही नाही आणि घर्षणाशिवायही नाही. म्हणून पाव वर्तुळावर, वरच्या टोकापासून स्थिर सोडलेल्या ब्लॉकसाठी वाया गेलेली ऊर्जा μmgR आणि 3μmgR यांच्या मधेच असणार. आपली 9.76 J कुंपणात आहे. मुलांचं उत्तर नेमकं खालच्या कुंपणावर बसलंय, म्हणजे ब्लॉक न हलता खाली आला असं त्यांनी धरलं.

ही युक्ती प्रश्न तपासायलाही कामी येते. एखाद्या गाइडमध्ये वेग आणि μ दोन्ही दिलेले असतील आणि हिशोब कुंपणाबाहेर पडत असेल, तर प्रश्न बनवणाऱ्यानेच गडबड केलीय. तुमची वही फाडू नका. फक्त आधी बघून घ्या की दिलेला μ वळणाचाच आहे ना. पुष्कळदा तो फक्त फरशीचा असतो.

### हातानेही करून बघता येतं

वर्गात एकदा मी हे करून दाखवलं. प्लायच्या दोन कमानी कापून त्यांवर पत्रा ठोकला आणि जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा लाकडी ठोकळ्याच्या तळाला चिकटवला. पुढे आमची नेहमीची शहाबादी फरशी. स्प्रिंग लावलीच नाही. स्प्रिंग नसताना ठोकळा फरशीवर जितका लांब जातो, त्यावरून तळाची ऊर्जा कळते: ऊर्जा = μmg × अंतर. आपल्या आकड्यांत बोलायचं तर 10.24 J असताना ठोकळा 10.24 / 4 = 2.56 m वर थांबायला हवा, आणि 16 J असती तर 4 m वर.

पोरांनी चार मीटरवर खडूने रेघ मारली. ठोकळा अडीच मीटरच्या आसपास, रेघेच्या कितीतरी अलीकडे थांबला. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, फरशीवर धूळ हाय." मग फरशी पुसली आणि पुन्हा सोडला. ठोकळा पुन्हा तिथेच.

तुम्ही करणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. फरशी आणि ठोकळ्याचा μ आधी वेगळा काढा: फरशीचाच सुटा तुकडा हळूहळू उचलत जा, ठोकळ्याला हलकी टिचकी द्या, आणि तो एकसारख्या वेगाने सरकू लागला की त्या कोनाचा tan म्हणजे μ. (0.2 साठी हा कोन साधारण 11.3° येतो.) टिचकी न देता आपोआप सुटायची वाट बघितली तर स्थिर घर्षणाचा गुणांक मिळतो, आणि तो बहुधा जास्त असतो. दुसरं म्हणजे पत्रा फरशीला जिथे टेकतो तिथे पायरी किंवा कोपरा नको. कोपऱ्यावर ठोकळा आपटतो आणि आपटण्यात जाणारी ऊर्जा आपल्या कोणत्याच पदात नाही.

## 4. सपाट फरशी: B ते C

इथे थांबायचं कारण नाही. नॉर्मल 20 N, घर्षण 4 N, अंतर 0.8 m, कार्य −3.2 J.

`C वर गतिज ऊर्जा = 10.24 − 3.2 = 7.04 J`

तपासणी: C वरची ऊर्जा ऋण आली तर ब्लॉक स्प्रिंगपर्यंत पोचतच नाही. पुढचं काही सोडवू नका. उत्तर "स्प्रिंग दबत नाही" असंच लिहायचं, आणि हवं असेल तर तो कुठे थांबतो ते.

## 5. स्प्रिंग: C ते D

D वर ब्लॉकचा वेग शून्य. स्प्रिंग दबत असताना दोन बलं त्याला अडवतात: स्प्रिंग आणि घर्षण. स्प्रिंगचं बल शून्यापासून kx पर्यंत वाढत जातं, म्हणून तिचं कार्य −½kx². घर्षण मात्र एकसारखं, म्हणून −4x.

`0 − 7.04 = −½ × 500 × x² − 4x`
`250x² + 4x − 7.04 = 0`

सूत्रात घातलं की वर्गमुळाखाली 16 + 7040 = 7056, वर्गमूळ 84.

`x = (−4 + 84) / 500 = 0.16 m`

स्प्रिंग 16 सें.मी. दबते.

दुसरं मूळ −0.176 येतं. "म्हणजे ब्लॉक परत येताना 17.6 सें.मी. मागे जातो का?" असं विचारणारे हुशार असतात, पण उत्तर नाही असंच आहे. आपलं समीकरण लिहिताना ब्लॉक पुढे जातोय आणि C च्या पुढे स्प्रिंग आहे, असं धरलंय. x ऋण असलेल्या बाजूला ब्लॉकला स्प्रिंग शिवत नाही, आणि मागे येताना घर्षणाची दिशाही उलटते. तिथे हे समीकरणच लागू नाही. ते मूळ खोडून टाका.

इथल्या तीन सवयीच्या चुका:

स्प्रिंगचं कार्य kx गुणिले x धरणं. x च्या शेवटी असलेलं बल सुरुवातीपासून होतं असं धरल्यासारखं ते होतं. ½ विसरू नका.

स्प्रिंगखालचं घर्षण विसरणं. फरशी स्प्रिंगपाशी संपत नाही. प्रश्नात "स्प्रिंगखालचा भाग गुळगुळीत" असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच 4x गाळायचं.

तिसरी चूक जरा खोल आहे. काही मुलं D वर बलं समान धरून kx = μmg लिहितात आणि म्हणतात, "ब्लॉक थांबला म्हणजे बलांची बेरीज शून्य." थांबला म्हणजे वेग शून्य, बल नव्हे. D वर स्प्रिंगचं बल 500 × 0.16 = 80 N आहे आणि ती ब्लॉकला मागे ढकलायच्या तयारीत आहे. वर फेकलेला चेंडूही सर्वात उंच जागी क्षणभर थांबतोच, पण गुरुत्वाकर्षण तिथे सुट्टीवर जात नाही.

तपासणी: जमाखर्च. सुरुवातीला हातात mgR = 20 J. खर्च असा: वळणावर 9.76, फरशीवर 3.2, स्प्रिंगखालच्या फरशीवर 4 × 0.16 = 0.64. स्प्रिंगमध्ये शिल्लक 250 × 0.0256 = 6.4. बेरीज 20.00. परीक्षेत याला अर्धा मिनिट लागतो. बेरीज जुळली नाही तर वाटेत आकडेमोड घसरली आहे. पण वळणावरचं W चुकीच्या समजुतीने काढलं असेल तर जमाखर्च तरीही जुळतो, कारण चुकीचा आकडा दोन्हीकडे सारखाच बसतो. त्यासाठी वरची कुंपणंच लागतात.

## 6. पुढचा उपप्रश्न: ब्लॉक परत कुठपर्यंत येतो?

आधी बघायचं की तो परत येतो तरी का. D वर स्प्रिंग 80 N ने ढकलते. स्थिर घर्षण, μ थोडा जास्त धरला तरी, 5-6 N पलीकडे अडवू शकत नाही. म्हणून ब्लॉक सुटतो. स्प्रिंग सेंटिमीटरभरच दबली असती तर बल 5 N असतं, आणि तेव्हा ब्लॉक तिथेच चिकटून राहण्याची शक्यता होती.

परतीच्या वाटेवर घर्षण पुन्हा गतीच्या विरुद्धच, म्हणजे पुन्हा ऋण कार्य. "येताना घेतलं, जाताना परत देईल" असं घर्षण करत नाही. तसं फक्त स्प्रिंग आणि गुरुत्वाकर्षण करतात.

`C वर: 6.4 − 0.64 = 5.76 J`
`B वर: 5.76 − 3.2 = 2.56 J`

म्हणून B वर वेग 1.6 m/s. (मघाचे 2.56 मीटर आणि आत्ताचे 2.56 ज्यूल हा आकड्यांचा योगायोग आहे, त्यात काही शोधू नका.)

आता वळणावर किती चढेल? mgh = 2.56 लिहून 12.8 सें.मी. म्हणणं म्हणजे वळण परतीला गुळगुळीत झालं असं धरणं. 12.8 ही फक्त वरची मर्यादा. चढताना घर्षणही खाली खेचतं, आणि नॉर्मलमध्ये mv²/R याही वेळी असतो. त्याच समीकरणाने, चिन्हं चढणीसाठी बदलून सोडवलं तर ब्लॉक जेमतेम 5.4 सें.मी. चढतो. मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. तळाजवळ वळण जवळजवळ आडवं असल्याने थोड्याशा उंचीसाठी ब्लॉकला बरंच अंतर घासत जावं लागतं, म्हणून इतका फरक. परीक्षेत हा भाग विचारलाच तर वळणावरचं नुकसान दिलेलं असतं. दिलेलं नसेल तर "12.8 सें.मी. पेक्षा कमी" हेच प्रामाणिक उत्तर.

## 7. उत्तरावरून चूक ओळखा

वह्या तपासताना मला पायऱ्या वाचाव्याच लागत नाहीत. शेवटचा आकडा सांगतो की मूल कुठे घसरलं. तुमचं उत्तर यातलं असेल तर थेट त्या जागी जा.

21.8 सें.मी. दिलेला 3.2 m/s वेग बाजूला ठेवून वळणावर μmgR धरलंय, म्हणजे तळाशी 16 J. टप्पा 3 पुन्हा वाचा. प्रश्नात आकडा दिला असताना तो वापरला नाही, ही त्याच्या आधीची चूक.

19.7 सें.मी. वळणाच्या पूर्ण लांबीवर, 1.57 मीटरवर, घर्षण सरळ 4 N धरलंय. उत्तर खऱ्याच्या थोडं जवळ सरकलं म्हणून ही रीत बरी ठरत नाही. इथे नॉर्मल सगळीकडे वजनाइतका धरलाय, आणि तो अगदी वरच्या टोकाला तर शून्य असतो.

16.8 सें.मी. वळण बरोबर, फरशी बरोबर, स्प्रिंगखालचं घर्षण गाळलं. फरक आठ मिलिमीटरचाच असल्याने पर्यायी प्रश्नांत हा आकडा हमखास पर्याय म्हणून ठेवलेला असतो.

11.5 सें.मी. स्प्रिंगच्या कार्यातला ½ गेला.

28.3 सें.मी. घर्षण कुठेच धरलं नाही. 20 J थेट स्प्रिंगमध्ये.

1.06 मीटर. k = 5 ठेवलंय, सेंटिमीटरचं रूपांतर राहिलं. एका मुलाने हे उत्तर लिहून त्याखाली दोन रेघाही मारल्या होत्या. मी विचारलं, "एक मीटर दबायला स्प्रिंग स्वतः किती लांब हवी रे?" तो थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सर, मग भिंत पाडावी लागते की."